मीटअपमध्ये बोलून कामाला माणसं कशी जोडायची

मीटअपमध्ये बोलल्यावर टाळ्या मिळतात, चार ओळखी होतात, ग्रुपवर फोटो पडतो. कामाला माणूस मात्र मिळत नाही. आपल्याकडे संभाजीनगर, लातूर, नांदेडला आता बऱ्यापैकी मीटअप होतात आणि त्यांत चांगलं बोलणारेही येतात. महिन्याभरानं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "सगळ्यांना आवडलं, पण पुढं कोणी आलं नाही." माणसं जोडण्यासाठी बोलायचं असेल तर विषय निवडण्यापासूनच वेगळा विचार करावा लागतो. तो कसा करायचा, हे एका कामाच्या आधारानं सांगतो.

काम माझ्या एका मित्राचं आहे. तो औशाकडचा, शेती करतो. आसपासच्या काही गावांत त्यानं प्लास्टिकचे साधे पर्जन्यमापक बसवलेत. प्रत्येक गावात कोणीतरी एक जण रोज मापक बघतो आणि आकडा वहीत लिहितो. महसूल मंडळाच्या ठिकाणी पाऊस मोजणारं एकच केंद्र असतं आणि आपल्याकडचा पाऊस शिवार बदललं की बदलतो. म्हणून गावाची स्वतःची नोंद असावी, एवढाच हेतू. वह्या भरत गेल्या आणि काम अडलं. वह्यांमधले आकडे संगणकात कोण भरणार, आणि भरल्यावर ते मंडळाच्या आकड्यांशी ताडून कोण बघणार? त्याला पैसे नको होते, माणसं हवी होती.

विषय: काम जिथे अडलंय तिथून

त्यानं आधी ठरवलेला विषय होता "ग्रामीण भागात पर्जन्यमान नोंदीचे महत्त्व". या विषयावर अर्धा तास बोललं तर ऐकणारा मान डोलावतो आणि घरी जातो, कारण महत्त्व त्याला आधीच पटलेलं असतं. त्याच्या हाताला काम लागेल असं त्यात काही नसतं.

मी त्याला विचारलं, "वह्या ताडताना नेमकं कुठं अडतंय?" त्यानं सांगितलं ते असं. हवामान खात्याच्या पद्धतीत दिवस सकाळी साडेआठला बदलतो. सकाळी साडेआठला जो आकडा घेतात तो मागच्या २४ तासांचा असतो आणि त्या सकाळच्या तारखेवर पडतो. गावातला माणूस असं करत नाही. १२ तारखेच्या रात्री पाऊस पडला तर तो वहीत १२ च लिहितो, केंद्राच्या नोंदीत तोच पाऊस १३ ला दिसतो. याहून वाईट म्हणजे पहाटे पाचला सुरू होऊन अकराला थांबलेला पाऊस. समजा एकूण ९० मिलिमीटर पडला. त्यातला ५० साडेआठच्या आत, ४० नंतर. वहीत एकाच तारखेला ९०, केंद्राच्या नोंदीत ५० आणि ४० असे दोन दिवस. अतिवृष्टीचा ६५ मिलिमीटरचा आकडा आपल्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ आहे. वहीत तो ओलांडला जातो, केंद्राच्या नोंदीत दोन्ही दिवशी ओलांडायचा राहतो.

विषय इथंच होता. नाव ठेवलं "एकच पाऊस, दोन तारखा". यात प्रोग्रामिंग येणाऱ्याला कोडं दिसतं, कृषीच्या विद्यार्थ्याला ओळखीचा घोळ दिसतो, आणि शेतकऱ्याला तर काही समजावूनच सांगावं लागत नाही.

तुमच्या कामाला हीच चाळणी लावा. जे अजून सुटलेलं नाही, पण पाच मिनिटांत समजावता येतं आणि ज्याचा एखादा तुकडा परका माणूस तासाभरात हाताळू शकतो, तो विषय घ्यायचा. तीनपैकी तिसरी गोष्ट बहुतेक वेळा राहून जाते. प्रश्न मोठा आणि सुंदर असतो, पण आत शिरायला दार नसतं. मग ऐकणारा "वा" म्हणतो आणि थांबतो.

कुणापुढे आणि कधी

अडलेलं काम ज्याला करता येतं त्याच्यापुढे बोलायचं, हे ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात आपण जिथून बोलावणं येतं तिथं जातो. मित्राला दोन प्रकारची माणसं हवी होती. आकडे ताडणारा प्रोग्राम लिहायला प्रोग्रामरांचा मीटअप बरा, तो संभाजीनगरला. वह्या उतरवायला आणि नवीन गावं जोडायला कृषी महाविद्यालयांतली मुलं बरी. ती परभणीपासून लातूरपर्यंत विखुरलेली, म्हणून त्यांच्यासाठी वेबिनार. एकाच भाषणात दोघांना बसवायचा मोह टाळा. दोन्हीकडे विषय तोच ठेवला तरी मागणी वेगळी असते.

ज्या मीटअपमध्ये बोलायचं, तिथं आधी एकदा ऐकायला जाऊन या. किती जण येतात, प्रश्न कोण विचारतं, मराठीत चालतं की हिंदी-इंग्रजी मिसळून, भाषणानंतर लोक थांबतात की चपला घालून निघतात, हे सगळं तिथंच कळतं. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण माणसं जोडली जातात ती चहाच्या वेळी. चहा नसेल तर संयोजकाला सांगून तुम्ही ठेवा. खर्च फार नसतो.

वेळेचं गणित आपल्याकडचं आहे. जूनमध्ये पेरण्या, ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची काढणी. या दिवसांत शेतीशी नातं असलेला माणूस येत नाही, आणि मराठवाड्यात तसं नातं नसलेला माणूस शोधावा लागतो. एप्रिल-मे लग्नसराईत जातो. मुलांच्या परीक्षांचं वेळापत्रक आधी बघा. वेबिनार संध्याकाळी सातला ठेवू नका, जेवणं आटोपल्यावर साडेआठ-नऊला ठेवा. शेतकरी ऐकणार असतील तर त्या भागात त्या आठवड्यात शेतीची लाइट दिवसा आहे की रात्री, तेही विचारून घ्या. रात्रपाळीच्या आठवड्यात माणूस मोटारीपाशी असतो, मीटिंगमध्ये नसतो.

संयोजकाला काय लिहायचं

लांबलचक परिचय, पुरस्कारांची यादी, कात्रणं, काही पाठवू नका. संयोजकाला तीनच गोष्टी हव्या असतात: विषय काय, ऐकणाऱ्याला काय मिळेल, किती वेळ लागेल. चौथी तुम्हाला हवी असते ती स्पष्ट सांगा, म्हणजे भाषणानंतर सोबती मागणार आहात हे. मित्रानं पाठवलेला मेसेज असा होता:

"नमस्कार सर. गावागावांतल्या पावसाच्या वह्या आणि मंडळाचे आकडे यांच्या तारखा जुळत नाहीत, त्यावर २० मिनिटं बोलायचं आहे. खऱ्या वहीची पानं दाखवून तारखांचा घोळ कसा होतो ते सांगेन. पायथॉन येणाऱ्यांना लगेच करून बघता येईल असा छोटा डेटा देईन. शेवटी या कामाला दोन-तीन सोबती हवेत असं आवाहन करायची परवानगी हवी. काम विनामोबदला आहे, हे मी आधीच सांगेन."

शेवटचं वाक्य गाळू नका. आपल्याकडे मीटअपला येणाऱ्यांत नोकरी शोधणारी मुलं पुष्कळ असतात. "टीममध्ये या" म्हटलं की त्यांना पगार दिसतो, आणि दोन आठवड्यांनी खरं कळलं की ती गप्प होतात. मोबदला नाही, प्रमाणपत्र देणार की नाही, नाव कुठं येणार, हे आधीच सांगून टाकलं की जे उरतात ते खरे.

वीस मिनिटांची मांडणी

पहिल्या तीन मिनिटांत एक प्रसंग. वर दिलेला ९० मिलिमीटरचा पाऊस पुरेसा आहे. स्वतःची ओळख दोन वाक्यांत. कार्यक्रमात सत्कार असेल तर शाल-श्रीफळ आणि प्रास्ताविकात तुमची पाच-सात मिनिटं जाणार हे धरून चाला, आणि भाषण वीसऐवजी पंधरा मिनिटांत बसतं का ते घरी बघून ठेवा.

मधली आठ-दहा मिनिटं काम कसं चालतं ते दाखवण्यात घालवा, आणि ते होतं तसं दाखवा. मित्रानं वहीच्या एका पानाचा फोटो पडदाभर लावला. ओल्या बोटाचा डाग, मध्येच खाडाखोड, एका दिवशी आकड्याऐवजी "लई" एवढंच लिहिलेलं. हशा पिकला, आणि लगेच मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मग अशा नोंदीचं काय करता?" भाषण तिथून जिवंत झालं. चकचकीत तक्ते दाखवले की ऐकणाऱ्याला वाटतं, यांचं तर सगळं झालंय, आपली काय गरज? अर्धवट काम दाखवलं की हात शिवशिवतात. मात्र दुसऱ्यांच्या वह्या दाखवताना नाव, गट नंबर, मोबाइल नंबर झाका. वही ज्याची, त्याला आधी विचारा.

मग अडलेली जागा सांगा, आणि मागणी तिथंच करा, पंधराव्या मिनिटाला. बहुतेक वक्ते मागणी शेवटच्या स्लाइडवर ठेवतात. त्या वेळी सूत्रसंचालक घड्याळाकडे बघत उभा असतो, "वेळेअभावी" हा शब्द आला की ती स्लाइड वाहून जाते. मागणी आधी करा, उरलेली मिनिटं तिला लागणारे बारकावे सांगण्यात घाला, आणि प्रश्नोत्तरं संपताना एका वाक्यात ती परत सांगा.

मागणीत कामं मोजकी आणि मापाची असावीत. त्याच्या स्लाइडवर एवढंच होतं:

"एक: वहीचं एक पान, म्हणजे एका महिन्याच्या नोंदी, शीटमध्ये उतरवणे. अर्धा तास. दोन: तारीख एक दिवस सरकलेल्या नोंदी शोधणारा छोटा प्रोग्राम. एक-दोन संध्याकाळी. तीन: आपल्या गावात मापक बसवणे आणि एक पावसाळा नोंद ठेवणे."

"आमच्यासोबत या", "योगदान द्या" असली वाक्यं त्यात नाहीत. किती वेळ लागेल हे लिहिलेलं आहे. माणूस हो म्हणायच्या आधी मनातल्या मनात तेवढंच मोजतो.

प्रश्नोत्तरांत एक गृहस्थ हमखास उठतात, "प्रश्न नाही, दोन शब्द सांगायचेत" म्हणून. त्यांना अडवणं अवघड, आणि बहुधा ते वयानं मोठे असतात. "काका, हे मला सविस्तर ऐकायचंय, चहाला बसू" एवढं म्हणून पुढचा हात वर असलेल्याकडे वळा, आणि चहाला खरंच बसा. अशा काकांकडे चाळीस वर्षांच्या नोंदी निघू शकतात.

तांत्रिक बाबी, ज्या तिथं गेल्यावर आठवतात

प्रोजेक्टरची जुनी पिन आणि तुमच्या लॅपटॉपची नवी पिन जुळत नाही, जोडणी स्वतःची न्या. स्लाइड पेनड्राइव्हवर आणि मोबाइलवर, दोन्हीकडे ठेवा. लाइट गेली तर बोलता येईल अशी तयारी असू द्या. वहीचं एक पान छापून नेलं तरी काम भागतं.

फॉर्मचा क्यूआर कोड फार लहान ठेवला जातो. अंदाज सोपा आहे: मागचा बाक जितका लांब, त्याच्या एक दशांश तरी कोड पडद्यावर रुंद दिसावा. दहा मीटरवर बसलेल्यासाठी एक मीटर. आणि तो दोन-तीन मिनिटं पडद्यावर राहू द्या, लोक मोबाइल काढेपर्यंत आपण स्लाइड बदलतो. दाराशी एक साधी वही आणि पेनही ठेवा.

फॉर्ममध्ये तीनच प्रश्न: नाव आणि व्हॉट्सअ‍ॅप नंबर, तीनपैकी कोणतं काम, आणि फोन कधी केलेला चालेल. शिक्षण, पत्ता, अपेक्षा हे सगळं काढून टाका. लोक चौथ्या प्रश्नाला फॉर्म सोडतात.

आणखी एक चूक रोजची. गूगल शीटची लिंक दिली जाते, पण ती `Restricted` वरच असते. लोक उत्साहानं उघडतात आणि परवानगी मागण्याची पाटी समोर येते. घरी दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून बघा, `Anyone with the link` आणि `Viewer` ठेवा. मूळ शीट सगळ्यांना बदलायला देऊ नका. लिंकच्या शेवटी `/edit` असतं, तिथून पुढचं सगळं काढून `/copy` लिहिलं की उघडणाऱ्याला स्वतःची प्रत करून घ्यायला विचारलं जातं. प्रत्येक जण आपल्या प्रतीत काम करतो, मूळ नोंदी शाबूत राहतात.

वेबिनारमध्ये वेगळं काय

वेबिनारमध्ये समोर चेहरे नसतात. कॅमेरे बंद, अर्धे जण जेवताहेत, एखादा मोबाइल खिशात टाकून गाडी चालवतोय. तिथं वीस मिनिटं सलग बोलू नका. दहाव्या मिनिटाच्या आत ऐकणाऱ्यांकडून काहीतरी करून घ्या, आणि ते तुमच्या कामाचाच तुकडा असू द्या.

मित्रानं पर्जन्यमापकाचा एक फोटो पडद्यावर लावला आणि म्हणाला, "किती मिलिमीटर दिसतंय? चॅटमध्ये फक्त आकडा टाका." भराभर आकडे आले: १२, १३, साडेअकरा, १२, १४. कोणीतरी लिहिलं, "सर, फोटो वरून काढलाय, डोळ्याच्या पातळीवरून घ्यायला पाहिजे." दुसऱ्या मुलीनं विचारलं, "पाणी कडेला वर चढलंय, मधल्या खोलगट भागाचा आकडा घ्यायचा ना?" दोघांचंही बरोबर होतं. नळीतलं पाणी काचेला किंवा प्लास्टिकला धरून कडेला वर चढतं, म्हणून डोळा पाण्याच्या पातळीवर आणून खालच्या वळणावरचा आकडा वाचायचा असतो.

या दोन मिनिटांत खूप काही झालं. सत्तर जणांच्या गर्दीतून नेमकी दोन नावं कळली. त्यानं ती तिथंच कागदावर लिहून घेतली आणि त्या दोघांना त्याच रात्री मेसेज केला. बाकीच्यांनाही कळलं की नोंद म्हणजे काय, त्यात चूक कशी शिरते, आणि आपण ती करू शकतो. माणूस कामाला लागेल की नाही याची खूण त्याच्या प्रश्नात असते. "हे फार छान आहे, शासनानं दखल घ्यायला हवी" म्हणणारा सहसा येत नाही. "मापक गच्चीवर ठेवलं तर चालेल का?" विचारणारा येतो.

वेबिनारला एक जोडीदार लागतोच. चॅट वाचणं, आत येणाऱ्यांना घेणं, लिंक पुन्हापुन्हा टाकणं हे बोलता बोलता जमत नाही. लिंक एकदाच टाकली तर नंतर आलेल्यांना ती दिसत नाही, हे त्याला सांगून ठेवा. मोफत झूमवर ४० मिनिटांनी मीटिंग बंद होते, मोफत गूगल मीटवर तासाभरानं. म्हणून मागणी वीस मिनिटांच्या आत झाली पाहिजे. रेकॉर्डिंग करणार असाल तर सुरुवातीलाच विचारा.

भाषणानंतरचे दोन दिवस

माणसं हातातून निसटतात ती इथं. कार्यक्रम शनिवारी झाला, सोमवारी निवांत मेसेज करू म्हटलं, मग काहीतरी निघालं, आठवडा गेला. तोवर फॉर्म भरल्याचं समोरच्यालाही आठवत नाही. पहिला मेसेज त्याच रात्री गेला पाहिजे, आणि त्यात काम असलं पाहिजे. तो आधीच लिहून ठेवा, फक्त नाव आणि एक ओळ बदलायची:

"नमस्कार, आज 'एकच पाऊस, दोन तारखा' ऐकायला आलात, आभार. तुम्ही वही उतरवण्याचं काम निवडलंय. हे एक पान आणि ही शीट. अर्धा तास लागेल, बुधवारपर्यंत जमलं तर बरं. एखादा आकडा वाचता आला नाही तर रिकामा सोडा, अंदाजानं भरू नका. जमणार नसेल तर तसं सांगा, काही हरकत नाही."

प्रत्येकाला वेगळं पान द्यायचं. सगळ्यांना तेच दिलं की सगळ्यांना वाटतं दुसरा करेल. आणि सरसकट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करून सगळ्यांना त्यात ओतू नका. आठ दिवसांत त्या ग्रुपवर शुभ सकाळ आणि जाहिराती सुरू होतात, काम करणारे म्यूट करून बसतात. ज्यांनी पहिलं पान पूर्ण केलं, त्यांचाच ग्रुप करा, तोही विचारून.

बुधवारपर्यंत आलं नाही तर एक आठवण द्या. त्यालाही उत्तर नसेल तर सोडून द्या. तिसरा मेसेज मागणी वाटत नाही, तगादा वाटतो. उद्या तोच माणूस दुसऱ्या मीटअपमध्ये भेटणार आहे, त्यानं तोंड चुकवायला नको.

पान आलं की त्याच दिवशी बघा आणि काहीतरी नेमकं सांगा: "१४ तारखेची नोंद तुम्ही रिकामी सोडलीत ते बरं केलंत, तिथं खरंच ७ आहे की १ ते कळत नाही, मी गावात विचारतो." नुसत्या धन्यवादापेक्षा यानं माणूस टिकतो, कारण आपलं काम कोणीतरी वाचलं हे त्याला दिसतं. मग फोन करा. दहा मिनिटं. त्याला यातून काय हवंय ते विचारा. कुणाला प्रकल्प अहवालासाठी विषय हवा असतो, कुणाला स्वतःच्या गावाचे आकडे, कुणाला नुसती सोबत. दुसरं काम त्यानुसार द्यायचं, आणि ते पहिल्यापेक्षा थोडं मोठं.

अपेक्षा किती ठेवायची? माझा अंदाज सांगतो. पन्नास जण ऐकायला असतील तर दहा-बारा फॉर्म भरतात, त्यातले चार-पाच पहिलं काम करतात, आणि तीन महिन्यांनी एक-दोन टिकलेले असतात. फॉर्मच आले नाहीत तर मागणी धूसर होती किंवा उशिरा केली. फॉर्म आले पण पहिलं काम कोणीच केलं नाही, तर काम मोठं होतं, लिंक उघडत नव्हती, नाहीतर मेसेज उशिरा गेला. पहिलं काम झालं आणि मग माणसं गळाली, तर तुम्ही उत्तर द्यायला वेळ लावला. भाषण वाईट झालं म्हणून माणसं आली नाहीत, असं मी फार क्वचित पाहिलंय.

दुसरं भाषण घ्यायचं ते यातून काहीतरी पुढं गेल्यावर, आणि तेव्हा अर्धा वेळ नव्या सोबत्याला द्यायचा. मित्राकडे तारीख सरकलेल्या नोंदी शोधणारा प्रोग्राम जालन्याच्या एका मुलानं लिहिला, कार्यक्रमात मागच्या बाकावरून प्रश्न विचारणारा तोच. पुढच्या मीटअपला तो भाग त्यानंच मांडला, आणि "लई" लिहिलेल्या दिवसाचं अजून काय करायचं ते ठरलेलं नाही, हेही त्यानंच सांगून टाकलं. त्या दिवशी फॉर्म भरणाऱ्यांत निम्मे त्याच्या वयाचे होते.